बोनसचे ५ लाख लोनमध्ये भरायचे की गुंतवायचे?

हडपसरला फ्लॅट घेतलेलं एक जोडपं धरा. दोघंही नोकरीत, लोन ४० लाख बाकी, व्याज ८.५ टक्के फ्लोटिंग, १५ वर्षं शिल्लक, ईएमआय साधारण ३९,३९०. बोनसचे ५ लाख आज लोनमध्ये भरले आणि ईएमआय तोच ठेवला तर हप्ते किती उरतात ते एक्सेलमध्ये बघा:

```
=NPER(8.5%/12,-39390,3500000)
```

उत्तर १४०.६, म्हणजे १८० पैकी ३९ च्या वर हप्ते उडाले, साडेपंधरा लाख भरायचे वाचले, आणि घरचे लगेच म्हणणार अरे साडेदहा लाख व्याज वाचतंय, विचार कसला करताय!

पण हे हप्ते वाचायला सुरुवातच होते पावणेबारा वर्षांनी, त्यामुळे आधी ते आजच्या किमतीत आणायला हवेत, म्हणजे डिस्काउंट करायचे. रेट कुठला? तर हेच ५ लाख दुसरीकडे टाकून टॅक्स जाऊन हातात जे पडलं असतं तो. गंमत म्हणजे लोनच्याच ८.५ ने केलं तर बरोबर ५ लाख येतात, ना नफा ना तोटा, म्हणजे सगळं भांडण रेटचं आहे.

एफडी ७ टक्क्यांची धरली तर ३० च्या स्लॅबमध्ये सेससकट टॅक्स जाऊन हातात ४.८ राहतात, आणि त्या रेटने वाचलेल्या हप्त्यांची आजची किंमत सव्वाआठ लाखांच्या आसपास येते, त्यामुळे लोन असताना तेवढ्याच मुदतीसाठी एफडी करणं मला तरी पटत नाही.

इक्विटी फंडातून टॅक्स जाऊन ११ टक्के धरले तर तीच किंमत ३.८५ लाख, इथे गुंतवणूक जिंकते. फक्त वाचलेला हप्ता पक्का आहे आणि ११ टक्के हा अंदाज, पक्क्या पैशाला बेभरवशाचा रेट लावला की तो उगाच स्वस्त दिसतो. दरमहा ८.५ म्हणजे वर्षाला ८.८४ पडतात, फंडाने टॅक्स देऊन एवढं तरी वर्षानुवर्षं दिलं पाहिजे.

जुन्या टॅक्स रेजिममध्ये असाल तर चित्र पालटतं. दोघं सहमालक आणि सहकर्जदार असले तर राहत्या घराच्या व्याजावर प्रत्येकी २ लाखांपर्यंत वजावट मिळते, आणि इथे पहिल्या वर्षाचं व्याज सव्वातीन लाखांच्या थोडं वर, म्हणजे सगळंच बसतं. दोघंही ३० च्या स्लॅबमध्ये असतील तर लोन ५.८५ टक्क्यांनाच पडतं, मग पीपीएफचे ७.१ सुद्धा त्याला मागे टाकतात. नव्या रेजिममध्ये राहत्या घराला ही वजावटच नाही.

मी असतो तर नव्या रेजिममध्ये सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून बाकी लोनमध्ये भरले असते, कारण साध्या टर्म लोनमध्ये भरलेला पैसा अडचणीला परत निघत नाही, आणि एसआयपी पगारातून चालू ठेवली असती. भरताना मुदत कमी करा असं बँकेला लेखी सांगा आणि नवीन शेड्यूल मागून घ्या, नाहीतर कधीकधी ईएमआय कमी होऊन येतो आणि सुटलेले पाच हजार महिन्याला कुठे जातात ते कळतही नाही.