साडेचार तारे आणि बंद लिफ्ट

भाच्याची मुंज इंदूरला रामबागेत आमच्याच घरी होती. नागपूरची आत्या, काका आणि पुण्याची मंडळी मिळून आठ जण उतरणार होते, म्हणून मी सरवटे बस स्टँडजवळच्या एका हॉटेलात चार खोल्या घेतल्या. दोन रात्री, खोलीमागे अठराशे रुपये, म्हणजे एकूण 14,400. सगळे पैसे आगाऊ भरायचे होते आणि रद्द केलं तर काहीच परत मिळणार नव्हतं. घरापासून हॉटेल पंधरा मिनिटांवर, पण मी जाऊन पाहिलं नाही. मोबाइलवर 4.4 तारे आणि चारशेच्या वर अभिप्राय दिसले, वरचे चार-पाच वाचले आणि पैसे भरून टाकले.

आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून ‘लिफ्ट आहे’ हे तेवढं मी पाहिलं होतं. लिफ्ट होतीच, फक्त दारावर ‘बंद’ असा जुना, पिवळा पडलेला कागद होता. खोल्या तिसऱ्या मजल्यावर. शेजारी मॅरेज गार्डन, तिथे रात्री साडेबारापर्यंत डीजे. सकाळी गीझर चालेना, आणि पहाटे मुहूर्ताला आत्या गार पाण्याने अंघोळ करून आली.

मुंज झाल्यावर मी तेच अभिप्राय पुन्हा उघडले. गूगल मॅप्सवर ते आपोआप ‘Most relevant’ या क्रमाने दिसतात, म्हणजे वरचे ताजे असतीलच असं नाही. मला भुलवणारे पहिले चार दोन-तीन वर्षांपूर्वीचे होते. क्रम ‘Newest’ केला आणि चित्रच पालटलं. गेल्या तीन महिन्यांत तिघांनी लिफ्ट बंद असल्याचं लिहिलं होतं, दोघांनी डीजेचं, एकाने गीझरचं. ही माणसं एकमेकांची कोणी नव्हती. एक भोपाळची, एक अकोल्याची, एक परीक्षेला आलेला मुलगा, आणि तरी तक्रार एकच. एखादा वैतागलेला गिऱ्हाईक किंवा शेजारचा हॉटेलवाला खोटा एक तारा देऊ शकतो. पण वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या लोकांनी त्याच लिफ्टचं नाव काढलं, तर ते गंभीरपणे घ्यावं.

मग एवढ्या तक्रारींनंतर सरासरी 4.4 कशी राहते? समजा जुने 360 अभिप्राय सरासरी 4.5 चे आहेत आणि नवे 40 जण वैतागून सरासरी 2 देतात. तरी एकूण आकडा 4.25 येतो. साडेचारवरून सव्वाचार, बस. हॉटेल पार बिघडलं तरी आकड्याला त्याचा पत्ता लागायला वर्ष जातं.

आकडा वर ठेवायलाही कुणीतरी होतंच. त्या तक्रारींच्या मधोमध पाच ताऱ्यांचे एकोणीस अभिप्राय एका पाठोपाठ एक होते, सगळ्यांवर ‘एक महिन्यापूर्वी’. ‘नाइस होटल, गुड सर्विस’, ‘बेस्ट स्टे इन इंदौर’. खोलीचा मजला, नाश्त्याचे पोहे, पार्किंग, कशाचाही उल्लेख नाही. नावांवर टिचकी मारून त्यांचे इतर अभिप्राय पाहिले. बऱ्याच जणांचा हा आयुष्यातला एकच अभिप्राय. एकाने त्याच महिन्यात लुधियानाचा दातांचा दवाखाना, कोइमतूरचं टाइल्सचं दुकान आणि इंदूरचं हॉटेल, तिन्हींना पाच तारे दिलेले. उरलेल्या सहा-सात जणांनी एकाच काउंटरवाल्याचं नाव घेऊन कौतुक केलं होतं. ते खोटे असतीलच असं नाही. आमच्या मोठ्या भाच्यालाही चावी देतानाच ‘भैया, फाइव स्टार दे दो, मेरा नाम लिख देना’ म्हणून मोबाइल पुढे करायला लावला होता. खोली पाहण्याआधी!

भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी 2022 मध्ये मानक काढलं आहे, पण ते ऐच्छिक आहे, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. जिथे मुक्काम केलेल्यालाच लिहिता येतं अशा बुकिंग साइटवर खोटेपणा थोडा कमी असतो, पण तिथेही क्रम बदलून ताजे आधी वाचावे लागतात.

आता मी एक आणि दोन ताऱ्यांचे ताजे अभिप्राय आधी वाचतो, पण सगळेच मनावर घेत नाही. राजवाड्याला कुणी ‘गाडी लावायला जागा नाही’ म्हणून एक तारा दिला, तर त्यात वाड्याचा काय दोष? ती माहिती आपण रिक्षाने जावं की गाडीने, एवढ्यापुरती कामाची. हॉटेलच्या तक्रारींपैकी ज्यांनी आपलं अडेल, तेवढ्याच घेऊन थेट काउंटरवर फोन करतो. ‘लिफ्ट आहे का’ असं नाही, ‘लिफ्ट आज चालू आहे का’ असं विचारतो.

पैसे परत मिळाले नाहीत. मी तारखेसह, लिफ्टवरच्या कागदाचा फोटो लावून दोन ताऱ्यांचा अभिप्राय लिहिला. खाली उत्तर आलं, ‘आपल्या प्रेमळ शब्दांबद्दल आभार, पुन्हा या.’ आठवड्याभरात त्याच्यावर पाच ताऱ्यांचे अकरा नवे येऊन बसले.