शनिवारची लाइट आणि दोन पॉवर बँका: काही महिन्यांनंतरचा हिशेब

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. आमच्या भागात देखभालीसाठी लाइट जाते ती बहुतेक शनिवारी. आदल्या दिवशी मेसेज येतो, सकाळी नऊच्या सुमारास लाइट जाते आणि कधी कधी पाचपर्यंत येत नाही. घरात तीन स्मार्टफोन आणि सासूबाईंचा बटणांचा फोन. नवऱ्याचं काम घरून, शनिवारीसुद्धा. गेल्या पावसाळ्यात आम्ही दहा हजार एमएएचच्या दोन पॉवर बँका घेतल्या आणि आळीपाळीने वापरायला लागलो. आता बऱ्यापैकी वापर झालाय, म्हणून लिहितेय.

वीस हजारांची एकच का नाही, असं दुकानदारानेही विचारलं होतं. कारण सोपं आहे. मोठी बँक साध्या चार्जरवर भरायला अख्खी रात्र पुरत नाही. मधेच दोन तास लाइट आली तर ती धड भरतही नाही आणि भरत असताना फोन लावायला दुसरं काही हाताशी नसतं. दोन असल्या की एक वापरात, एक भरलेली. खडूसारख्या पांढऱ्या मार्करने त्यांच्यावर १ आणि २ लिहिलंय. या शनिवारी १ वापरली तर पुढच्या वेळी २. त्यामुळे दोन्ही सारख्याच वापरल्या जातात आणि एक कपाटात पडून मरत नाही.

दहा हजार हा आकडा मात्र फसवा आहे. तो आतल्या सेलचा, म्हणजे साधारण ३.७ व्होल्टवरचा. फोनला जातात ५ व्होल्ट, आणि बदलताना काही वीज उष्णतेत जाते. पाठीमागे बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ असते, ती आमच्या बँकेवर सहा हजारांच्या आसपास आहे. फोनच्या आतही थोडं वाया जातं. पाच हजारांची बॅटरी असलेल्या फोनला आमच्याकडे एका बँकेतून साधारण १३० टक्के मिळतात. घरात आता टक्क्यांतच हिशेब चालतो.

खरा खाऊ हॉटस्पॉट निघाला. वायफाय बंद झालं की लॅपटॉपला नेट फोनवरूनच द्यायचं, आणि आमच्याकडे तासाला १२ टक्के तरी जातात. त्यात फोन चार्जिंगला लावून हॉटस्पॉट चालू ठेवला की तो तापतो, आणि तापला की चार्जिंग आपोआप मंदावतं. एप्रिलच्या उन्हात तर हात लावणं नको व्हायचं. म्हणून बँकांसारखीच हॉटस्पॉटचीही पाळी लावली.

नऊ ते पाचचा शनिवार असा जातो. तिन्ही फोन सकाळी १०० वर. नऊ ते एक हॉटस्पॉट नवऱ्याच्या फोनवर. एकला तो ४५ वर येतो. मग माझा फोन हॉटस्पॉटला बसतो. तो तोवर ८५ वर असतो आणि पाचला तिशीत उतरतो. नवऱ्याचा फोन त्या वेळात बँकेला, ४५ वरून ९० पर्यंत. तिथे थांबतो, कारण शेवटचे दहा टक्के फार रेंगाळतात. मुलीच्या फोनला दुपारी ३० टक्के. एकूण ७५ गेले, ५५ उरले, आणि दुसऱ्या बँकेला हात लागला नाही. ती पाचला लाइट आली नाही तरच काढायची. रात्री वापरलेली बँक भरायची, तेव्हा चौथा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत काढायची नाही.

दुपारनंतर आमच्याकडे रेंज पडते. बहुधा टॉवरच्या बॅटऱ्याही दमत असाव्यात. कमी रेंजमध्ये फोन सिग्नलसाठी जास्त जोर लावतो आणि खिशात पडल्या पडल्या उतरतो. मुलगी तेव्हा ५जी बंद करून ४जीवर येते, आणि मी झोपले तर सरळ विमान मोड. ब्राइटनेस कमी करण्याचा फरक जाणवतो, पण हॉटस्पॉटसमोर तो किरकोळच.

सासूबाईंच्या फोनने एक गंमत दाखवली. त्याला करंट इतका कमी लागतो की बँकेला वाटतं काहीच जोडलेलं नाही, आणि ती स्वतःच बंद पडते. आमच्या बँकेत बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड लागतो. घेताना हे विचारून घ्या, सगळ्यांत नसतं. ‘अगं, माझा आठवडा पुरतो,’ असं म्हणून त्या आमची टक्क्यांची मोजदाद बघत बसतात, हा भाग वेगळा.

तक्रार एकच. दिव्यांवर भरवसा नाही. चार दिवे म्हणजे ७६ टक्केही असू शकतात. म्हणून अधूनमधून एकच फोन २० वरून ८० पर्यंत भरून बघते आणि मग दुसऱ्या फोनला उरलेलं देते, किती मिळालं ते कॅलेंडरवर लिहिते. १ नंबरची आता १२० च्या आत आलीय, २ अजून तशीच आहे. शंभराखाली गेली की बदलायची. कव्हर जरा जरी फुगलं, तर आकडा कितीही असो, त्याच दिवशी ई-कचऱ्यात.