नव्या सहकाऱ्याची ओळख करून देणारी मेल, आणि गेलेले ४,८६,००० रुपये

वडोदऱ्याला मकरपुरा जीआयडीसीत आमचं इलेक्ट्रिक पॅनेल बनवायचं छोटं युनिट आहे. तांब्याच्या पट्ट्या नऊ वर्षं पुण्याच्या एकाच पुरवठादाराकडून येतात. गेल्या श्रावणात त्यांच्याकडून म्हणून मेल आली, की अकाउंट्सला नव्या बाई रुजू झाल्यात, यापुढे बिल आणि पेमेंटचं त्यांच्याशीच बोलावं. खाली नाव, हुद्दा, मोबाइल नंबर, मेलचा पत्ता. पैसे कुठे भरायचे याबद्दल एक शब्द नाही, म्हणून शंकाही आली नाही.

बारा दिवसांनी त्या बाईंची मेल आली. ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, हे बिल ग्रुपमधल्या दुसऱ्या फर्मच्या खात्यावर भरा. बिल नंबर, रक्कम, मालाचं वजन, सगळं बरोबर होतं. आमचे अकाउंटंट म्हणाले, "शेठ, एकदा फोन करून विचारा." मी केला, पण पहिल्या मेलमध्ये दिलेल्या नंबरावर! बाईंनी अदबीनं "हो, बरोबर आहे" सांगितलं. पहिली मेल त्यासाठीच होती. खात्री करायला आपण ज्याला फोन करणार, तो माणूसच त्यांनी आधी बदलून ठेवला होता. बँकेत खातं जोडताना वेगळंच नाव दिसलं, तेही "दुसरी फर्म" म्हणून आम्ही सोडून दिलं आणि आरटीजीएस केलं.

नऊ दिवसांनी पुण्याहून पुरवठादाराकडच्या जुन्या काकांचा फोन आला, "पेमेंट राहिलंय." मी लगेच १९३० ला फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. ६१,००० रुपये रोखले गेले. बाकीचे आम्ही आरटीजीएस केलं त्याच दिवशी पुढच्या खात्यांत गेले होते. तेव्हाच कळलं असतं तर कदाचित जास्त वाचले असते.

मग मेल नीट पाहिली. पत्त्यात m च्या जागी r आणि n शेजारी शेजारी होते. मोबाइलवर फक्त नाव दिसतं, पत्ता नावावर दाबल्याशिवाय दिसत नाही. सीसीमधले "मालकसाहेब"सुद्धा त्याच खोट्या पत्त्याचे, त्यामुळे सगळ्यांना दिलेलं उत्तरही चोरांकडेच गेलं. जीमेलच्या Show original मध्ये, मेल त्या डोमेनच्या मान्य सर्व्हरवरूनच आली का हे तपासणाऱ्या SPF समोर PASS होतं. मला त्याचा धीर वाटला, पण माझ्या भाच्यानं समजावलं, की डोमेन चोरानंच विकत घेतलेलं असलं तर तपासणीत ते पास होणारच.

बिलाची माहिती आमच्याच मेलबॉक्समधून गेली होती. सेटिंगमध्ये Forwarding खाली एक अनोळखी पत्ता होता, आमच्या प्रत्येक मेलची प्रत तिकडे जात होती. नुसता पासवर्ड बदलून ती थांबली नसती, तो पत्ता काढावा लागला.

आता कुणाकडूनही नव्या माणसाची ओळख आली, की मी जुन्या छापील बिलावरच्या नंबरावर फोन करतो आणि काकांसारख्या ओळखीच्या आवाजाकडून ऐकतो. पुण्याची पूर्ण रक्कम आम्ही दोन हप्त्यांत पुन्हा भरली, माल तर त्यांनी पाठवलाच होता.