सीसीआय आणि विल्यम्स %आर: काही महिने वापरल्यानंतर

दोन-तीन दिवसांच्या ट्रेडसाठी किंमत कुठे ताणली गेली आहे हे ओळखायला मी हे दोन्ही इंडिकेटर काही महिने रोज वापरले. सुरुवातीला सोबत स्टोकॅस्टिकही ठेवला होता, तो पहिल्यांदा काढला. कारण साध्या गणितात आहे.

समजा गेल्या 14 कॅन्डलमधला सर्वोच्च भाव 520, नीचांक 480 आणि आजचा क्लोज 514. फास्ट स्टोकॅस्टिकचा %के येतो 85. विल्यम्स %आर येतो उणे 15. कालावधी सारखा असला की %के मधून 100 वजा केले की %आर मिळतो, नेहमीच. म्हणजे दोघे एकदम ओव्हरबॉट दाखवतात तेव्हा दुजोरा मिळालेला नसतो, एकच मत दोनदा मोजलेलं असतं. स्लो स्टोकॅस्टिक वेगळा दिसतो तो फक्त सरासरीमुळे, आणि त्यामुळेच तो उशिरा वळतो.

%आरचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा. वरच्याच उदाहरणात 520 ची कॅन्डल जुनी होऊन 14 च्या बाहेर गेली आणि नवा उच्चांक 516 उरला, तर क्लोज 514 वरच असताना %आर उणे 15 वरून उणे 6 च्या आसपास जातो. भाव हललाच नाही! रेघ अचानक उडाली की मी आधी 14 कॅन्डलच्या खिडकीतून काय बाहेर पडलं ते बघतो.

सीसीआय मात्र खरंच वेगळं काही सांगतो. तो टिपिकल प्राइस, म्हणजे कॅन्डलचा उच्चांक, नीचांक आणि क्लोज यांची सरासरी, तिच्या अलीकडच्या सरासरीपासून किती लांब आहे हे सरासरी विचलनाच्या मापाने मोजतो. टिपिकल प्राइस 514, तिची सरासरी 504 आणि विचलन 8 असेल तर, 0.015 हा सूत्रातला ठरलेला आकडा धरून, 10 भागिले (0.015 गुणिले 8), म्हणजे सुमारे 83. बाजार शांत असून विचलन 4 च असेल तर तोच 10 चा फरक 167 दाखवतो. %आर दोन्ही वेळा तोच राहू शकतो, कारण त्याला फक्त रेंजची टोकं दिसतात. एका लांब वातीच्या कॅन्डलने रेंज फुगली असेल तेव्हा हा फरक फार कामाला येतो.

सीसीआयचं खरं साम्य बोलिंजर बँडशी आहे, कारण दोघेही सरासरीपासूनचं अंतर मोजतात. म्हणून ती जोडीही मी एकत्र ठेवत नाही. आरएसआय फक्त क्लोजवर चालतो, तरी तीव्र चालीत तोही यांच्याच बाजूने झुकतो.

जोरदार ट्रेंडमध्ये %आर उणे 20 च्या वर चिकटून बसतो आणि तिथे त्याचा उपयोग संपतो. सीसीआयला %आरसारखी ठरलेली वरची मर्यादा नाही, पण चाल लांबली की विचलनही वाढतं. मग भाव नवे उच्चांक करत असतानाच तो 220 वरून 130 वर येतो. ही घसरण पाहून मी विकत नाही. डोनाल्ड लॅम्बर्ट यांनी सीसीआय 1980 मध्ये मांडला, तेव्हा +100 च्या वर जाणं ही खरेदीची खूण होती आणि पुन्हा खाली येणं ही बाहेर पडण्याची. ट्रेंड असताना मी त्यांचीच पद्धत धरतो. उलट्या दिशेचा ट्रेड फक्त आडव्या बाजारात घेतो.