जॉइनिंगच्या मेलमध्ये 'टू हॅपी' लिहायचं की 'व्हेरी हॅपी'?

परवा बहिणीच्या पोराला पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं, त्याने लगेच उत्तर टाइप करून मला दाखवलं, आय ॲम टू हॅपी टू जॉइन. म्हटलं थांब, पाठवू नको. तर म्हणतो, "का मावशी, टू म्हणजे लय ना?"

घोळ इथंच होतो. आपल्या सोलापुरात 'लय' दोन्हीकडे चालतं, चहा लय गोड झालाय म्हटलं तर कौतुक आहे का तक्रार ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कळतं, मेलमध्ये तोंड कुठं दिसतंय? इंग्रजीत ही दोन कामं वेगळी आहेत. व्हेरी नुसता जोर देतं. दोन ओ वाला टू म्हणजे पाहिजे त्यापेक्षा जास्त झालं, आणि त्याच्यापुढे 'टू जॉइन' सारखं काही आलं की अर्थ होतो 'इतकं, की ते जमणार नाही'. टू टायर्ड टू ड्राइव्ह म्हणजे इतका दमलोय की गाडी चालवणं होणार नाही. म्हणजे पोराचं वाक्य शब्दशः धरलं तर, इतका आनंद झालाय की जॉइन होता येत नाही! एचआरला भावना कळते, ऑफर काही जात नाही, पण पहिल्याच मेलमध्ये इंग्रजी कच्चं दिसतं.

धंद्यात मात्र खरंच गडबड होते. मी टॉवेलच्या कारखान्यात मेल बघते, एकदा सॅम्पलसोबत मीच लिहिलं होतं की अवर टॉवेल इज टू थिक अँड सॉफ्ट. मला सांगायचं होतं मस्त जाड आहे, आणि बाहेरच्या बायरचं उत्तर आलं, मग जीएसएम, म्हणजे कापडाचं चौरस मीटरमागचं वजन, कमी करून दुसरं सॅम्पल पाठवा. त्याचं काय चुकलं, मीच जास्त जाड म्हटलं होतं. व्हेरी थिक लिहिलं असतं तर तेच सॅम्पल पास झालं असतं.

तेव्हापासून मी टूच्या जागी मनात 'जरा जास्तच' घालून बघते. डेडलाइन जरा जास्तच जवळ आहे, रेट जरा जास्तच आहे, इथं बसतं, मग टू बरोबर. जॉइन व्हायचा जरा जास्तच आनंद झाला, हे बसत नाही, मग व्हेरी.

एक अपवाद आहे, ओन्ली टू हॅपी टू हेल्प. हे ठरलेलं बोलणं, अर्थ 'अगदी आनंदाने', पण त्यातलं ओन्ली गाळायचं नाही. आणि नॉट टू हॅपी म्हणजे सरळ नाराज, ते तर क्लायंटला लिहिताना दोनदा बघा.

व्हेरीपण सगळीकडे घुसवू नका, डिलायटेड नुसतंच छान वाटतं, आणि ॲप्रिशिएटच्या आधी नुसतं व्हेरी नाही, व्हेरी मच लागतं.

पोराने शेवटी आय ॲम व्हेरी हॅपी टू जॉइन लिहिलं, खाली जॉइनिंगची तारीख टाकली, आणि मग सेंड केलं.