गेट मोटरचे दोन रिले: इंटरलॉक कोडमध्ये की वायरिंगमध्ये?

म्हापशाच्या भाच्याने विचारलं, मामा, सरकत्या गेटची सिंगल फेज मोटर आहे, आर्डुइनोवर प्रत्येक दिशेला एक असे दोन रिले, दोन्ही एकदम लागू नयेत म्हणून इंटरलॉक कोडमध्ये लिहू की वायरिंग बदलू?

खर्चाचं म्हणशील तर दोन्ही जवळजवळ फुकट, वायरिंगला एक तुकडा वायर लागते एवढंच.

खरा फरक बिघाडाच्या वेळी कळतो. या मोटरचा कपॅसिटर दोन दिशांच्या वायरींच्या मध्ये असतो, दोन्ही रिले एकदम लागले की भरलेला कपॅसिटर त्यांच्या कॉन्टॅक्टमधून शॉर्ट होतो आणि कॉन्टॅक्ट चिकटतात. कोड बरोबर असला तरी चिकटलेला रिले त्याला दिसत नाही. शिवाय लो सिग्नलवर चालणारं रिले बोर्ड असेल तर `pinMode` होताच पिन लो होते आणि रिले टक् करून लागतो, म्हणून दोन्ही रिलेंच्या पिनसाठी आधी हे लिही, इथे एक रिले पिन 7 वर धरलाय:

```
digitalWrite(7, HIGH);
pinMode(7, OUTPUT);
```

वायरिंगमध्ये फेज पहिल्या रिलेच्या कॉमनला दे, त्याच्या एनसीमधून, म्हणजे रिले लागलेला नसताना जोडलेल्या टोकातून, दुसऱ्याच्या कॉमनला ने, आणि दोघांच्या एनओमधून, म्हणजे रिले लागल्यावर जोडल्या जाणाऱ्या टोकातून, मोटरच्या दोन दिशांच्या वायरींना. पहिला ओढला की दुसऱ्याला फेजच मिळत नाही, दोन्ही कॉइल चालू असल्या तरी. पहिला चिकटला तर गेट उलट फिरतच नाही, तिथेच दोष कळतो. पण चिकटलेला रिले मोटर थांबवू देत नाही, म्हणून लिमिट स्विच मोटरच्या वायरमध्येच घाल.

टेबलावर छोटी डीसी मोटर करंट लिमिट असलेल्या सप्लायवर चालवून बघायची असेल तर नुसता कोड चालेल. घरच्या गेटला वायरिंगच कर, आणि दिशा बदलताना मोटर पूर्ण थांबेपर्यंतचा एखाद-दोन सेकंदांचा डिले मात्र कोडमध्ये ठेव.