बँकेचं ॲप बंद पडलं तर सर्व्हरला दोष देण्याआधी फोन बंद करून चालू करा

सगळा हिशोब आधी सांगतो. फोनचे 13,500 रुपये, "अपडेट मारायचे" 900, आणि शेवटी फोन कायमचा मारण्याचे 1,500. मिळून 15,900 रुपये. वर बाग सुरू असतानाच बँकेचं ॲप बंद. देवगडात हापूसच्या हंगामात म्हणजे काय, हे बागायतदाराला सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांचे पैसे खात्यात जमा होत होते, मेसेजही येत होते. पण मजुरी, खोके, टेम्पोचं भाडं हे सगळं मी फोनवरून देतो, ते अडलं. एटीएममध्ये त्या दिवसांत पैसे असले तर नशीब.

फोन कणकवलीतल्या एका दुकानातून घेतला. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. सेकंडहँड, पण काचेवर ओरखडा नाही, मेमरी भरपूर, आणि भाव बाजारापेक्षा चारेक हजारांनी कमी. बाहेरच्या देशातल्या बाजारासाठी बनलेला हँडसेट होता, आणि त्यात मराठी-इंग्रजीसकट चालणारं दुसरंच सॉफ्टवेअर भरलेलं होतं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मी मात्र नीट तपासूनच घेतला होता, "आंधळेपणाने घेतला" असं कोणी म्हणू नये. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन Device is certified असं लिहिलेलं पाहिलं. दुकानातच बँकेचं ॲप टाकलं, सिमवरून मेसेज गेला, पिन घातला, एक रुपया बायकोच्या खात्यात पाठवून बघितला. आणखी काय तपासायचं माणसाने?

आता ज्या गोष्टीने रात्री झोप येत नाही ती सांगतो. दुकानदाराने फोन चालू केला तेव्हा कंपनीचं नाव यायच्या आधी काळ्या पडद्यावर बारीक अक्षरं आली होती:

```
Orange State
Your device has been unlocked and can't be trusted
Your device will boot in 5 seconds
```

पाच सेकंद ती पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती! मी विचारलंसुद्धा, हे काय? तो म्हणाला, "काका, ता कंपनीचा वॉर्निंग आसा. सगळ्या नव्या फोनांक येता. तुमी काय टेन्शन घेव नकात." विचारलं होतं, उत्तर खोटं मिळालं. इंग्रजी मला वाचता येतं, पण unlocked म्हटल्यावर कोणत्याही कंपनीचं सिम चालतं असाच अर्थ आपल्याकडे घेतात. दुकानदारही तोच अर्थ मिरवत होता.

एप्रिलमध्ये एका सकाळी बँकेचं ॲप उघडलं तर, हे उपकरण सुरक्षित नाही, ॲप चालणार नाही, असा संदेश. आदल्या संध्याकाळपर्यंत ठीक होतं. मी काहीही टाकलं नव्हतं, काही बदललं नव्हतं.

बँकेच्या कस्टमर केअरला लावला. ॲप काढून परत टाका म्हणाले. काढलं. आता ॲप नव्याने नोंदणीच करू देईना, म्हणजे आधी निदान चिन्ह तरी होतं तेही गेलं. मग सिम बदलून बघा म्हणाले. शाखेत गेलो तर साहेबांनी केवायसीचा फॉर्म पुढे सरकवला. अहो, केवायसीचा काय संबंध? पासबुक भरून दिलं, आधारची झेरॉक्स घेतली, आणि "हेड ऑफिसला कळवतो". शाखेतल्या एकाही माणसाने एवढं विचारलं नाही की फोन कुठून घेतला. तेवढा एक प्रश्न विचारला असता तर पुढचे 2,400 रुपये वाचले असते. दुकानदाराला फोन केला तर त्याचं ठरलेलं: "सर्व्हर डाऊन आसतलो बँकेचो." मग स्वतःच म्हणाला आणून द्या, अपडेट मारतो. 900 घेतले आणि खरंच चालू करून दिलं. मला वाटलं माणूस कामाचा आहे. मे महिन्यात परत तेच.

भाचा पुण्याहून सुट्टीला आला होता, तो मोबाईलच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करतो. फोन बंद करून चालू केला आणि ती पाटी दिसताच म्हणाला, "मामा, याचा बूटलोडर उघडा आहे." त्याने समजावलं ते माझ्या भाषेत लिहितो, कारण फसवणूक नेमकी इथे आहे.

फोन चालू होताना सगळ्यात आधी जो छोटा प्रोग्राम जागा होतो तो बूटलोडर. तो लॉक असेल तर पुढचं सॉफ्टवेअर कंपनीच्या सहीचं आहे का ते तपासतो, आणि सही जुळली नाही तर फोन चालूच करत नाही. उघडा असेल तर फक्त पाटी दाखवतो आणि जे असेल ते चालू करतो. फोन एखाद्याच्या हाती लागला आणि त्याच्याकडे केबल असली, तर तो बदललेलं सॉफ्टवेअर भरू शकतो आणि आपला पिन घालायची वाट बघू शकतो. बँकेला याचीच भीती.

बँकेचं ॲप फोनला थेट विचारत नाही, ते गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या सेवेकडून दाखला मागतं. पूर्वी हा दाखला बराचसा सॉफ्टवेअरच्या सांगण्यावर मिळायचा, त्यामुळे फोनला दुसऱ्याच मॉडेलचं नाव लावून काम भागायचं. मे 2025 पासून अँड्रॉइड 13 आणि त्यापुढच्या फोनांवर चिपमधला पुरावा लागतो. चिपच्या आत एक वेगळा सुरक्षित भाग असतो. बूटलोडर चालू होतानाच त्याला सांगतो की मी लॉक आहे की उघडा, आणि तो भाग त्यावर आपल्या चावीने सही करून देतो. ती सही वरच्या सॉफ्टवेअरला बदलता येत नाही.

मग माझ्या फोनवर सुरुवातीला ॲप चाललं कसं? दुकानदाराने दुसऱ्याच कुठल्यातरी फोनची फुटलेली, म्हणजे चोरून बाहेर आलेली चावी आत भरली होती, आणि माझ्या फोनची सही म्हणून ती पुढे करणारं मॉड्यूल बसवलं होतं. मेलेल्या माणसाच्या रेशनकार्डावर धान्य उचलावं तसं. अशा फुटलेल्या चाव्या सापडतील तशा गूगल रद्द करतं. चावी रद्द झाली की त्या चावीवर चालणाऱ्या सगळ्या फोनांतली बँकेची ॲप एकदम बंद. "अपडेट" म्हणून 900 रुपयांना मला दुसरी चावी मिळाली होती, तीही रद्द झाली. म्हणजे हा दुकानदाराचा मासिक हप्ताच होता म्हणा! आणि हे मॉड्यूल फोनवर सर्वात वरच्या अधिकाराने चालतं. ते आणखी काय करत होतं हे दुकानदारालाच ठाऊक. पिन त्याच फोनवर टाकत होतो मी.

म्हणून एक पक्कं धरा: प्ले स्टोअरमधलं certified आणि दुकानात चाललेलं बँकेचं ॲप, हे दोन्ही पुरावे अशा फोनवर खोटे पाडता येतात. बघायचं ते कंपनीचं नाव यायच्या आधी. फोन स्वतःच्या हाताने पूर्ण बंद करून चालू करा. उघड्या कुलपाचं चित्र, Orange State, unlocked असं काहीही दिसलं तर उठून चालू लागा. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे OEM unlocking पुसट असेल आणि खाली Bootloader is already unlocked लिहिलं असेल तर तेच. काही जण पाटीसुद्धा लपवतात, तेव्हा लॅपटॉप आणि केबल असलेला ओळखीचा पोरगा बरोबर न्या. फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे केबलवरून हुकूम घेणाऱ्या अवस्थेत टाकून लॅपटॉपवर ही एक ओळ:

```
fastboot getvar unlocked
```

उत्तर yes आलं की विषय संपला.

भाच्याने बजावलं होतं की बूटलोडर परत लॉक करायचा तर आधी त्याच मॉडेलचं, त्याच देशासाठीचं कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर पूर्ण भरायचं, मॉड्यूल वगैरे सगळं जायला हवं, फोन नीट चालू होतोय हे बघायचं, आणि मगच लॉक. लॉक करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून फोटो, नंबर आधी बाहेर काढायचे. मी दुकानात जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. पैसे परत द्या म्हणालो तर तयार नव्हता. "लॉकच करूचा ना? दोन मिन्टात करून दितंय." 1,500 आधी घेतले. मूळ सॉफ्टवेअर भरलंच नाही. माझ्यासमोर सरळ हे मारलं:

```
fastboot flashing lock
```

बूटलोडर लॉक झाला, त्याने आतलं सॉफ्टवेअर तपासलं, कंपनीची सही नव्हती, दार बंद. कंपनीचं नाव येतं, काळं होतं, परत नाव येतं. पुन्हा अनलॉक करायला गेला तर तेही होईना, कारण त्याची परवानगी सेटिंगमधून द्यावी लागते आणि सेटिंगपर्यंत फोन पोचतच नाही. गिऱ्हाइकांचे नंबर मी घरीच कागदावर उतरवले होते म्हणून वाचलो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने हँडसेट भारतातला नाही म्हणून हात लावायला नकार दिला.

पोलिसांत गेलो. हवालदार म्हणाले, "तुम्ही पैसे दिलेत, फोन तुमच्या हातात आहे, मग चोरी कसली?" मी बूटलोडर म्हटलं तर त्यांनी लिहिलं "मोबाईल बिघडला". लिहिलेलं दुरुस्त करायला सांगितलं तर "ग्राहक मंचात जा, इथे हे येत नाही". अर्जावर पोचेचा शिक्का मारायलाही घासाघीस. बँकेचं उत्तर अजून "आपली तक्रार विचाराधीन आहे". अहो, विचार कसला करताय? तुमच्याच ॲपने सांगितलं होतं उपकरण सुरक्षित नाही, त्याचा अर्थ तुमच्या माणसांना माहीत नसावा?

पावतीवर दुकानदाराने फक्त "मोबाईल 1 नग" लिहिलंय. तुम्ही घेताना मॉडेल, दोन्ही IMEI आणि "बूटलोडर लॉक, मूळ सॉफ्टवेअर" हे शब्द लिहून घ्या. लिहून देत नसेल तर का ते तुम्हाला कळेल. पैसे रोखीने देऊ नका. माझे 13,500 जुन्या फोनवरून यूपीआयने गेले होते, आज तोच माझा पुरावा आहे. IMEI चोरीच्या यादीत आहे का ते बघायला KYM, मोकळी जागा आणि 15 अंकी IMEI असा मेसेज 14422 वर पाठवा, दुकानातच, पैसे द्यायच्या आधी. ज्यांच्या फोनवर असं मॉड्यूल आधीच आहे त्यांनी पिन आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, त्याच फोनवरून नको.

ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते, दुकान कुठेही असो. आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली होती, ती त्याने घेतली नाही, पाकीट तसंच परत आलं. ते फोडू नका, शेरा मारलेलं बंद पाकीटच आयोगापुढे ठेवा, असं वकिलांनी सांगितलंय. दुकान चालू आहे, आणि त्याच मॉडेलचे हँडसेट काचेत अजून लावलेले आहेत.